‘मला तू आवडतेस, भाऊ’

गेल्या वर्षी एका कोरियन मालिकेच्या बाराव्या भागाची मराठी उपशीर्षके तपासण्यासाठी माझ्याकडे आली. यंत्राने अनुवाद आधीच केलेला होता आणि तो वाचण्याजोगा करून देणे एवढेच माझे काम होते. अकरा भाग मनात ठेवलेली गोष्ट नायिका ज्या प्रसंगात बोलून दाखवते, त्या जागी वाक्य होते : ‘मला तू आवडतेस, भाऊ.’ मुलगी मुलाला म्हणते आहे. ‘आवडतेस’ हे क्रियापद बाईला उद्देशून आहे, आणि ‘भाऊ’ हा शब्द आपल्याकडे प्रेमाची शक्यता कायमची मिटवण्यासाठी वापरला जातो. गल्लीतला मुलगा मागे लागला की मुलगी त्याला ‘दादा’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो, हे कोणत्याही मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

मूळ कोरियनमध्ये ते वाक्य दोन शब्दांचे होते : ‘ओप्पा, चोआहे.’ त्यात ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, लिंग तर नाहीच. ‘चोआहे’ म्हणजे केवळ ‘आवडणे’; कोणाला कोण आवडते हे समोरची दोन माणसे पाहून कळते. ‘ओप्पा’ या शब्दाचा मूळ अर्थ बाईचा थोरला भाऊ हा खरा, पण वयाने मोठ्या असलेल्या प्रियकरालाही कोरियन मुली तोच शब्द वापरतात, आणि हा वापर इतका रूढ आहे की ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशानेही २०२१ मध्ये हा शब्द आपल्यात घेतला. मराठीत मात्र ‘आवडणे’ या क्रियापदाला ‘तू’ पुरुष आहे की स्त्री हे सांगावेच लागते. मूळ वाक्यात नसलेला निर्णय भाषा मागते, यंत्राला माणसे दिसत नाहीत, म्हणून ते अंदाज करते. आणि प्रेमाची कबुली बहुतेक मजकुरात पुरुष बाईला देतो, म्हणून अंदाज ‘आवडतेस’ असा निघतो.

या चुका दिसायला ढोबळ आहेत आणि म्हणूनच त्या कमी घातक आहेत. ‘भाऊ’ वाचून कोणीही तपासनीस दचकेल आणि तो शब्द खोडेल. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. प्रेमातली सूचकता, टोमणा आणि चेष्टा या तीन ठिकाणी यंत्राचा अनुवाद वाक्यावाक्याने दुरुस्त करता येत नाही, कारण बिघाड वाक्यात नसतो. तो दोन माणसांमधल्या नात्यात असतो, आणि ते नाते कोणी ठरवलेलेच नसते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी मजकूर कोणत्या वाटेने येतो ते पाहावे लागेल. कोरियन मालिका थेट मराठीत क्वचितच येते. आधी तिची इंग्रजी उपशीर्षके तयार होतात, त्यांच्या वेळा पक्क्या होतात, आणि तो इंग्रजी साचा पुढे अनेक भाषांच्या अनुवादकांकडे जातो. कोरियनमध्ये बोलण्याच्या आदराच्या पायऱ्या असतात आणि त्या क्रियापदाच्या शेवटी ऐकू येतात. ‘चोआहेयो’ म्हटले तर अंतर राखून बोलणे झाले. शेवटचा ‘यो’ गळून ‘चोआहे’ झाले की ते जवळिकीचे बोलणे, ज्याला तिथे ‘बानमाल’ म्हणतात. प्रेमकथांमध्ये हा ‘यो’ कधी गळतो हा स्वतंत्र प्रसंगच असतो. ‘आता आपण मोकळेपणाने बोलूया का’ असे एकमेकांना विचारले जाते, त्यावर लाजणे होते, विसरून पुन्हा ‘यो’ लावला जातो आणि त्यावरून चेष्टा होते. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच ‘यू’ आहे. म्हणजे मराठीत सहज उतरू शकणारी गोष्ट, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे, ही मधल्या इंग्रजी थांब्यावर पुसली जाते, आणि मराठीकडे ती पोहोचते तेव्हा तिथे काही होते याची खूणही उरलेली नसते.

त्यानंतर यंत्र त्या साच्यातली उपशीर्षके हाती घेते. जुन्या पद्धतीच्या यंत्रानुवादात प्रत्येक ओळ सुटी अनुवादली जाते. त्यामुळे एकाच संवादात नायक तिला पहिल्या ओळीत ‘तुम्ही’, दुसऱ्या ओळीत ‘तू’ आणि तिसऱ्या ओळीत ‘आपण’ म्हणताना मी असंख्य वेळा पाहिला आहे. मराठी माणसाच्या कानाला यातून एकच अर्थ पोहोचतो, तो म्हणजे हा माणूस काही ठिकाणावर नाही.

म्हणून माणसाने पहिली गोष्ट करायची ती अशी की पहिल्या ओळीला हात लावण्याआधी संपूर्ण भाग आवाजासह पाहायचा आणि एका कागदावर लिहून काढायचे : कोण कोणाला काय म्हणतो आणि कोणत्या प्रसंगापासून ते बदलते. कोरियन येत नसले तरी वाक्याअखेरचा ‘यो’ कानाला ऐकू येतो, तेवढ्यासाठी भाषेचा पदविका अभ्यासक्रम करावा लागत नाही. हा कागद तयार झाला की अर्धे काम झाले. माझ्या अनुभवात हा कागद करायला तासाभराच्या भागामागे दोन तास लागतात, आणि दुरुस्तीच्या दरात या दोन तासांची कुठेही नोंद नसते.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामध्ये मराठीत एक तिसरी जागा आहे आणि प्रेमकथेच्या अनुवादकाला तिचा फार मोठा आधार आहे. आपण ती रोज वापरतो. नुकतेच लग्न ठरलेली दोघे, ऑफिसात ओळख वाढत चाललेले सहकारी, ज्यांचे अजून ‘अहो’ही ठरलेले नाही आणि ‘अरे’ही ठरलेले नाही, ती माणसे संबोधन टाळून बोलतात. ‘चहा घेणार?’, ‘जेवण झालं?’, ‘निघायचं का आता?’, ‘उशीर होईल ना घरी?’ या वाक्यांत ना ‘तू’ आहे ना ‘तुम्ही’. त्यांतला संकोच ऐकणाऱ्याला कळतो आणि जवळीकही कळते. यंत्र ही टाळाटाळ करत नाही, कारण त्याच्यासमोरच्या इंग्रजी वाक्यात ‘यू’ स्पष्ट लिहिलेला असतो.

एक प्रसंग घेऊन पाहू. तो मी वरच्या मालिकेतून उचललेला नाही, पण या जातीचा प्रसंग जवळजवळ प्रत्येक मालिकेत असतो. नायिका ऑफिसातून बाहेर पडते, पाऊस कोसळतो आहे, बसथांब्यावर नायक छत्री घेऊन उभा आहे. दोघे अजून अंतर राखून बोलतात. इंग्रजी साच्यावरून यंत्राने दिलेला मराठी संवाद साधारण असा येतो :

‘तुम्ही येथे का आहात?’
‘मी फक्त जात होतो.’
‘या पावसात? तुमचे घर दुसऱ्या बाजूला आहे.’
‘आज बसने वळसा घेतला.’
‘बरोबर. तुम्ही हताश आहात.’

यातले एकही वाक्य व्याकरणाने चुकलेले नाही. शेवटच्या ओळीत मूळ इंग्रजी ‘यू आर होपलेस’ होते. ‘होपलेस’चा कोशातला अर्थ घेतल्याने प्रेमाने काढलेला चिमटा मानसोपचारतज्ज्ञाच्या निदानासारखा झाला. त्याआधीचा ‘राइट’ हा ‘हो का, पटलं बरं’ अशा सुरातला होता, त्याचा ‘बरोबर’ झाला आणि तिने त्याची थाप खरी मानली असा अर्थ निघाला. दुसऱ्या ओळीत ‘जस्ट’चा ‘फक्त’ झाला. घाईतला तपासनीस इथे काय करतो? ‘हताश’ काढून ‘वेडे’ टाकतो, ‘येथे’चे ‘इथे’ करतो आणि पुढे जातो. संवाद बरा होतो, पण त्यात कोणीही कोणाच्या प्रेमात पडत नाही.

मी तो असा लिहीन :

‘इकडे कुठे?’
‘सहजच. चाललो होतो इथून.’
‘एवढ्या पावसात? घर तर पलीकडे आहे ना?’
‘आज बसच वळसा घेऊन आली.’
‘बसच? कठीण आहे एकंदरीत.’

तिच्या एकाही वाक्यात ‘तुम्ही’ नाही आणि ‘तू’ही नाही, तरी दोघांमधले अंतर होते तसेच राहते. ‘सहज’ हा मराठीतला असा शब्द आहे की तो ऐकताच समोरचा माणूस सहज आलेला नाही हे आपल्याला कळते. ‘फक्त’मध्ये ती ताकद नाही. ‘बसच’ मधल्या ‘च’ने त्याची थाप उघडी पडते, आणि तिने तोच ‘बसच’ उचलून परत केला की तिला ती उघडी पडलेली दिसली हे प्रेक्षकाला कळते. ‘कठीण आहे’ हे आपण आपल्या माणसालाच म्हणतो. पाच ओळींत भर काहीही घातलेली नाही आणि कोणतीही ओळ फारशी लांबलेली नाही. उपशीर्षक पडद्यावर काही क्षणच राहते, तेव्हा हे महत्त्वाचे आहे.

मराठीत टोमणा आणि चेष्टा बहुतेक वेळा नामांत किंवा विशेषणांत नसतात. ती ‘च’, ‘की’, ‘ना’, ‘म्हणे’, ‘बरं’, ‘वाटतं’ अशा लहान शब्दांत असतात, आणि शब्दक्रमात असतात. ‘तू हुशार आहेस’ ही स्तुती आहे, ‘हुशारच आहेस की!’ हा टोमणा आहे. ‘तो येणार आहे’ ही माहिती, ‘येणार आहे म्हणे’ हा अविश्वास. यंत्राच्या अनुवादात हे शब्द जवळजवळ सापडत नाहीत, आणि त्याचे कारण ते कशावर शिकले त्यात आहे. मराठी आणि इंग्रजी अशी समोरासमोर ठेवलेली वाक्ये जिथे मोठ्या संख्येने मिळतात, ती ठिकाणे म्हणजे बातम्या, शासकीय निवेदने, शैक्षणिक व्याख्याने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘समानंतर’ हा ११ भारतीय भाषांचा संग्रह मोठ्या कष्टाने उभा केलेला आहे आणि त्याने भारतीय भाषांच्या यंत्रानुवादाचे मोठे भले केले. पण त्याचेही मुख्य स्रोत याच जातीचे आहेत. निवेदनात कोणी कोणाला टोमणा मारत नाही. म्हणून यंत्राचे मराठी पात्र भांडताना, लाजताना, चिडवताना सुद्धा ‘येथे’, ‘तुमचे’, ‘आहात’ असेच बोलते. खरे तर आपले प्रमाणलेखनाचे नियमही पात्राच्या तोंडचे बोलणे बोलल्यासारखे लिहायला मोकळीक देतात.

चेष्टेचा आणखी एक मार्ग आहे आणि तो ‘जवळीक म्हणजे तू’ असे सरधोपट सूत्र लावणाऱ्या माणसालाही चकवतो. मराठीत आपण नेहमीच्या पायरीवरून वर चढूनही चिडवतो. उशिरा उठलेल्या धाकट्या भावाला बहीण ‘उठलात का महाराज?’ म्हणते, रुसलेल्या बायकोला नवरा ‘राणीसाहेब’ म्हणतो. कोरियन संवादातही रागावलेली प्रेयसी एकदम आदराच्या पायरीवर जाते आणि नायकाला घाम फुटतो. इंग्रजीत त्या जागी ‘सर’ किंवा पूर्ण नाव येते आणि यंत्र ‘महोदय’ लिहून मोकळे होते. इथे ‘अहो’ किंवा ‘साहेब’ लिहिणे योग्य. पण त्यासाठी आधीच्या ओळींत ‘तू’ पक्का बसलेला हवा, नाही तर ही चढती पायरी कोणाला दिसणार नाही. नेहमीच्या शिवीचेही तसेच. कोरियन ‘पाबो’ म्हणजे मूर्ख, पण प्रेमातला ‘पाबो’ म्हणजे आपला ‘वेडा’. ‘तू मूर्ख आहेस’ आणि ‘वेडा कुठला!’ यांत जे अंतर आहे तेवढेच त्या दोन प्रसंगांत आहे.

टोमणा कुठे आहे हे ओळखायचे कसे, असे नव्याने हे काम करणारी मुले विचारतात. माझे उत्तर असते की त्या ओळीकडे पाहू नका, तिच्या उत्तराकडे पाहा. ‘खूप खूप धन्यवाद’ या ओळीवर समोरचा माणूस ‘मी मुद्दाम नाही केलं’ असे म्हणत असेल, तर ते धन्यवाद नव्हते, ‘उपकारच झाले’ होते. ‘छान. अगदी छान’ नंतर कोणी डोक्याला हात लावत असेल, तर तिथे ‘झालं! हेच बाकी होतं’ हवे आहे. प्रश्नाशी उत्तर जुळत नाही, विनोद नसताना कोणी हसते, कौतुकावर कोणी चिडते, अशा जागा शोधत गेले की यंत्राने सरळ वाचलेले टोमणे एकामागून एक सापडतात. चित्र नसताना केवळ मजकुराची फाइल हातात आली तर निम्म्या जागा दिसतच नाहीत, आणि हे काम आज पुष्कळदा चित्राशिवायच वाटले जाते, ही माझी मोठी तक्रार आहे.

आता नव्या पिढीची यंत्रे संदर्भ जास्त लांबपर्यंत धरतात. पूर्ण प्रसंग दिला तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ बऱ्याच वेळा सांभाळतात, ‘हताश’सारख्या चुका कमी करतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या मजकुरात मला वेगळाच दोष दिसू लागला आहे, आणि तो माणसांतही आहे. अर्थ कळला की तो सांगून टाकण्याची घाई. ‘सहजच, चाललो होतो इथून’ या जागी ‘तुझी काळजी वाटली म्हणून आलो’ असे येते. हा अनुवाद चुकीचा आहे असे म्हणणे अवघड जाते, कारण त्याच्या मनात खरोखर तेच आहे. पण तो ते बोललेला नाही, आणि पुढचे आठ भाग तो ते बोलत नाही यावरच उभे आहेत.

या बाबतीत आपल्याला परदेशी शास्त्राकडे जाण्याची गरज नाही. ‘गाथासप्तशती’ या आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातल्या संग्रहात एक गाथा आहे. घरातली तरुण स्त्री रात्री मुक्कामाला आलेल्या वाटसरूला दिवसाउजेडी जागा दाखवते आणि बजावते की सासू इथे झोपते, मी इथे झोपते, नीट पाहून ठेव. तुला रात्रीचे दिसत नाही, तेव्हा माझ्या बिछान्यावर येऊन पडू नकोस. नवव्या शतकातल्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने व्यंजना, म्हणजे शब्दांपलीकडचा सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली, कारण शब्द नकाराचे आहेत आणि अर्थ आमंत्रणाचा आहे. अनुवादकासाठी या गाथेत कामाची पूर्ण पद्धत आहे. ‘पडू नकोस’चे ‘ये’ करायचे नाही. नकार तसाच ठेवायचा, पण सासूची जागा, तिची जागा आणि आंधळेपणाचा तो उगाच केलेला उल्लेख, हे तिन्ही तपशील इतके नेमके ठेवायचे की वाचणाऱ्याला आमंत्रण ऐकू यावे. यंत्र एक तर नकार कोरडा ठेवते, किंवा आमंत्रण उघडे करते.

यावर मला एक आक्षेप नेहमी ऐकावा लागतो. प्रेक्षक चित्र पाहतोच आहे, चेहरे पाहतो आहे, त्याला कळते. मराठीत काहीच नसण्यापेक्षा यंत्राचे बरे-वाईट मराठी असलेले काय वाईट? पाककृती, माहितीपट, वापरसूचना यांच्याबाबत मी हा मुद्दा मान्य करते. प्रेमकथेबाबत नाही. चेहरा एक सांगतो आणि खालची ओळ दुसरे, तेव्हा प्रेक्षक दोहोंची सांगड घालत बसत नाही, तो हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षके लावतो. मी माझ्या घरातच हे पाहते : माझी भाची सगळ्या कोरियन मालिका इंग्रजीतून पाहते आणि सांगते की मराठीत ती माणसे नोटीस वाचल्यासारखी बोलतात. मग मराठी कोणी लावत नाही म्हणून मराठीवर कमी खर्च होतो, आणि कमी खर्च म्हणून पुन्हा यंत्र.

माझी मागणी यंत्र बंद करण्याची नाही. रस्ता विचारणे, जेवण मागवणे, बातम्या, पोलीस ठाण्यातली विचारपूस, असे निम्म्याहून अधिक संवाद यंत्राने करावेत आणि माणसाने ते तपासावेत. पण ज्या प्रसंगात दोन माणसे बोलतात एक आणि सांगतात दुसरे, ते प्रसंग दुरुस्तीच्या यादीतून बाहेर काढून कोऱ्या कागदावर नव्याने अनुवादले पाहिजेत, त्यांचा दर अनुवादाचा दिला पाहिजे, आणि यंत्राची ओळ तेव्हा अनुवादकाच्या समोरही नसावी. ती ओळ समोर असली की हात तिच्याभोवतीच फिरतो. ‘तुम्ही येथे का आहात’ दिसत असताना ‘इकडे कुठे’ सुचणे फार अवघड असते, हे मी वर्षानुवर्षे अनुभवते आहे. दुसरी गोष्ट, एका मालिकेतली मुख्य जोडी एकाच माणसाच्या हातात असावी.

ती ‘भाऊ’ची ओळ मी ‘मला आवडतोस तू’ अशी केली. अकरा भाग ‘यो’ लावून बोलणारी मुलगी तो पहिल्यांदा गाळते, म्हणून ‘तू’ शेवटी ठेवला, तो ऐकू यावा म्हणून. मग आधीचे भाग उघडून पाहिले. ते वेगवेगळ्या लोकांनी तपासले होते आणि पहिल्या भागापासून ती त्याला सरसकट ‘तू’ म्हणत होती. मी काम देणाऱ्यांना लिहिले की अकरा भागांतली तिची संबोधने बदलावी लागतील, दोन दिवसांचे काम आहे. ते भाग आधीच प्रदर्शित झाले होते, त्यामुळे नकार आला. बाराव्या भागात ती ओळ आता अगदी बरोबर आहे, आणि मराठीत ती पाहणाऱ्या कोणालाही तिथे काही घडले असे वाटत नाही.